मूळ प्रत पाहिली

रत्नमाला साळवे गेली अकरा वर्षं उस्मानपुऱ्यातल्या एका व्हिसा-केंद्रात कागद लावायचं काम करते. लावायचं म्हणजे क्रमानं. आधी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या रंगीत प्रती, मग जन्मदाखले, मग विवाहाचा दाखला, सगळ्यांत शेवटी फोटो. प्रत्येक कुटुंबाला एक पुठ्ठ्याची फाइल आणि तिच्या आतल्या बाजूला डकवलेला तक्ता. त्यात माणसागणिक आणि कागदागणिक ओळी असतात. आडवे रकाने ठरलेले: मूळ, झेरॉक्स, राज्य, केंद्र, दूतावास, फोटो.

खुणांची पद्धत तिची स्वतःची. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो पाहिला की एक तिरकी रेघ. मूळ कागद हातात आला की तिच्यावर दुसरी रेघ, म्हणजे फुली. मालक ऋतुराज वयानं तिच्यापेक्षा लहान, तो चिडवायचा, "रत्नाताई, तुमच्या फुलीवर सरकारसुद्धा शंका घेत नाही." ती हसायची नाही, पण तिला बरं वाटायचं.

सोमवारी सकाळी मूळ कागद घेऊन मोनिका आली. कडेवर चार वर्षांचा माऊली होता. मागोमाग पैठणहून आलेली तिची आई द्वारकाबाई, छातीशी कापडी पिशवी धरून. थोरला सार्थक पिशोरलाच, सासूजवळ होता. मोनिकाचा नवरा राजकुमार शारजात एसी दुरुस्तीच्या कामावर. चार वर्षांत तो दोनदा आला होता. आता कंपनीनं त्याला कुटुंबासाठी दोन खोल्या देऊ केल्या होत्या, पण बायकापोरांचे कागद पंधरा तारखेपर्यंत हजर पाहिजेत; नाहीतर खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला. पंधराला सतरा दिवस होते. आधी मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग त्या देशाचा दूतावास, असे तीन शिक्के घेऊन कागद परत यायला सोळा दिवस लागत. मुंबईला जाणारी कागदांची पिशवी सोमवारी आणि गुरुवारी निघे, संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे आजचीच पिशवी गाठायला हवी होती.

दोन्ही पोरांचे जन्मदाखले नीट होते. विवाहाचा दाखला द्वारकाबाईनं सगळ्यांत शेवटी काढला, साडीच्या पदरानं पुसून टेबलावर ठेवला. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चकाकला.

दाखला लॅमिनेट केलेला होता.

"हे कधी केलं?" रत्नमालानं विचारलं.

"मागच्या साली, जावई सुट्टी संपवून गेल्यावर," द्वारकाबाई कौतुकानं म्हणाली. "हिच्या सासरी कागद राहत नाय बघा. उंदीर खातेत. म्हणून माझ्याकडं ठिवला. दुकानवाला म्हणला, मावशी, आता शंभर वर्षं काय होत नाय."

"मावशी, ह्याच्यावर शिक्का बसत नाही. प्लास्टिकवर कुणी सहीच करत नाही."

 मोनिकानं टेबलावरचं ब्लेड उचललं. रत्नमाला "अगं, नको" म्हणेपर्यंत तिनं कोपरा उचकटला होता. प्लास्टिक निघालं, आणि त्याला चिकटून ग्रामपंचायतीच्या निळ्या गोल शिक्क्याचा अर्धा भागही निघाला.

"आई," मोनिका हळू म्हणाली, "माझा संसार प्लास्टिकात घातलास तू."

द्वारकाबाईनं पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

रत्नमालानं फाइल उघडली. विवाहाच्या दाखल्यापुढं, मूळच्या रकान्यात, फुली होती. तीन आठवड्यांपूर्वीची, तिच्याच हातची. त्या दिवशी माऊली फोटोला रडायचा थांबत नव्हता. पांढऱ्या पडद्यापुढं चौघंजण त्याला हसवत होते. मोनिका फोन पुढं करून म्हणाली होती, मूळ आईकडं आहे, हा बघा फोटो. आणि हसता हसता रत्नमालानं दोन रेघा ओढल्या होत्या. एकच ओढली असती, तर दुसऱ्या दिवशी मूळ मागवलं असतं. नवी प्रत काढायला तीन आठवडे मिळाले असते.

तिनं फाइल मिटली. 

"नवी प्रत मिळते," एवढंच म्हणाली. "लग्नाची नोंद पिशोरला आहे ना? चल."

माऊलीला द्वारकाबाईजवळ ठेवून दोघी निघाल्या. पिशोरला पोचायला एक वाजला. ग्रामपंचायतीत एक शिपाई पंख्याखाली बसला होता.

"भाऊसाहेब कन्नडला गेलेत, मीटिंगला," तो म्हणाला.

"कधी येतील?"

"येतेन की. त्यांच्याकडं दोन गावं हायेत, ताई. इथं असले की तिथलं वरडतेत, तिथं असले की तुम्ही."

"रजिस्टर?"

"कपाटात. किल्ली भाऊसाहेबांच्या खिशात."

मोनिकानं ग्रामसेवकाला सहा वेळा फोन लावला. सातव्यांदा त्यानं उचलला आणि "निघालोच" म्हणाला. दोघी पायरीवर बसल्या. समोर बाजाराच्या ओट्यावर कुत्री झोपली होती. मोनिकाच्या सासूला कुणीतरी कळवलं असावं; तिचा फोन आला. पलीकडचं रत्नमालालाही ऐकू येत होतं.

"गावात हायेस म्हणं. न्हाय गेलीस ना शारजाला? मग भाकरी टाकायला ये."

मोनिकानं फोन बंद केला. "चार वर्षं हेच ऐकते, ताई. आईनं असं का करावं? शाळा शिकली नाय, तर कागदाला हात तरी लावू नये."

हीच वेळ होती सांगायची.  रत्नमाला बाटलीतलं पाणी प्याली आणि रस्त्याकडं बघत राहिली.

चार वाजता ग्रामसेवक आले. माणूस वाईट नव्हता. अर्ज घेतला, आधार पाहिलं, रजिस्टर काढून नोंद शोधली, पण प्रिंटर अडला. शाई हलवून, कागद बदलून, सही-शिक्का होईतो पावणेपाच. एसटीत दोघींनी तो कागद कोऱ्या लिफाफ्यात घालून आळीपाळीनं मांडीवर धरला. फुलंब्रीच्या अलीकडं ट्रक आडवा झाला होता. सहा वाजले, तेव्हा एसटी तिथंच होती. साडेसहाला ऋतुराजचा फोन आला, "ताई, पिशवीवाला दारात उभाय. किती वेळ?"

"तासभर."

"तो दहा मिनिटं थांबेल. जास्तीत जास्त."

केंद्रात पोचल्या तेव्हा साडेसात वाजले होते. द्वारकाबाई खुर्चीवरून उठली. माऊली तिच्या खांद्यावर झोपला होता.

"गेलं का गं?"

पिशवीवाला कधीच गेला होता. मोनिका बाहेर जाऊन राजकुमारशी बोलून आली. "विचारलं त्यांनी साहेबाला," ती म्हणाली. "दिवस वाढवून नाय मिळत. पुढची यादी सहा महिन्यांनी." आणि आईकडं वळली. तोंड उघडलं होतं तिनं.

"मोनिका, थांब," रत्नमाला म्हणाली. तिनं फाइल उघडून टेबलावर ठेवली, त्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही खूण माझी. मूळ कागद न बघता केलेली. मावशींनी प्लास्टिक घातलं ते वर्षापूर्वी. मी तीन आठवड्यांपूर्वीच मूळ बघितलं असतं, तर हे सगळं आज झालं नसतं. चूक माझी आहे."

ऋतुराजनं मान वर केली. द्वारकाबाईला तक्ता वाचता येत नव्हता. ती बोटाकडंच बघत होती.

"सकाळपासून माहीत होतं?" मोनिकानं विचारलं.

"हो."

"पायरीवर बसलो तेव्हाबी?"

"हो."

मोनिका हसली, ते हसणं चांगलं नव्हतं. "सात फोन मी लावले, ताई. तुम्ही पाणी पीत होता."

रत्नमालानं फाइल तशीच उघडी ठेवली. 

 मग मोनिकानं आईच्या खांद्यावरून माऊलीला घेतलं, दुसऱ्या हातानं लिफाफा पुढं सरकवला.

"गुरुवारी पाठवा."

"पंधराच्या आत परत येणार नाही तो."

"माहितेय. तिन्ही शिक्के होऊन पडू द्या. पुढच्या यादीला कागदापायी अडायचं नाय मला." ती दारापर्यंत गेली, परत आली. "आणि मला लिहून द्या. मूळ प्रत मिळाली म्हणून. तुमच्या सहीनं."

रत्नमालानं लिफाफ्यातून दाखला बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला. शिक्का पुसट नव्हता. मग पावतीपुस्तक ओढून तिनं लिहायला घेतलं, आणि मोनिका एकेक अक्षर वाचत तिच्या खांद्याशी उभी राहिली.