सोळा गोळ्या, चार दिवस

लहान मुलांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे एक बाई बसत. फार्मसिस्ट. वय पंचावन्नच्या पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की रांगेतल्या माणसाने उगाच वाद घालू नये. सगळे त्यांना वकीलबाई म्हणत, कारण चिठ्ठी हातात आली की त्यांची उलटतपासणी सुरू होई. कशासाठी घेता? कधी घेता? मागच्या गोळ्या किती उरल्यात? लोक वैतागत. ‘गोळ्या मागतोय की मुलगी मागतोय?’ असं एकाने त्यांना तोंडावर विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, ‘मुलगी मागायला आला असतात तर एवढंही विचारलं नसतं.’

त्या मंगळवारी खिडकीशी एक आजी आली. मागच्या बाकावर तिची सात वर्षांची नात बसलेली, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात तोंडाशी धरलेला रुमाल. बाई दोघींना ओळखत होत्या. मुलीचे गुडघे आणि घोटे सुजायचे, सांध्यांचा आजार. त्यासाठी ती दीड वर्षापासून मेथोट्रेक्सेट घेत होती. आठवड्यातून एकदा, बुधवारी, चार बारक्या गोळ्या. त्या गोळ्यांनीच तर पोर पुन्हा जिना चढायला लागली होती.

‘तिच्या सांध्याच्या गोळ्या संपल्या,’ आजी म्हणाली. ‘आणि तोंड आलंय तिचं, काही लावायला द्या. दोन दिवस घास गिळत नाही.’

बाईंनी वही उघडली. सहाच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने सोळा गोळ्या मोजून दिल्या होत्या. चार आठवड्यांच्या. संपल्या कशा?

‘आजी, सांडल्या का कुठे?’

‘सांडतील कशाला? रोज चार देते. डॉक्टरांच्या कागदावर तसंच आहे.’

‘रोज?’

‘शुक्रवारपासून. बुधवारी हात मोडला ना तिचा, त्या दिवशीच्या गोळ्या राहूनच गेल्या. गुरुवारी हाडांच्या वॉर्डातून घरी सोडलं, त्यांनी नवीन कागद दिला. मी म्हटलं, आजार वाढला असेल.’

बाईंनी कागद मागितला. स्वच्छ छापलेला, खाली सही. मेथोट्रेक्सेट, चार गोळ्या, दिवसातून एकदा. हे औषध आठवडाभराचं काम एका दिवसात करतं, आणि मग शरीराला सहा दिवस सावरायला देतं. रोज दिलं तर सावरायला वेळच मिळत नाही. आधी तोंड सोलतं, मग रक्त तयार व्हायचं थांबतं, आणि मग साधा तापही जीव घेऊन जातो.

त्यांनी खिडकी बंद केली. रांगेत बारा माणसं होती, ती ओरडली. ‘ओरडा,’ बाई म्हणाल्या, आणि मुलीला कडेवर घेऊन थेट सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या. आत दुसरा पेशंट होता. त्याच्या आईला बाईंनी हात जोडले आणि कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

पुढे सगळं झपाट्याने झालं. गोळी बंद. रक्त तपासायला गेलं, सलाइन लागलं, मूत्रपिंडं नीट चालतायत का ते पाहिलं, आणि अहवालाची वाट न बघता उताऱ्याचं इंजेक्शन, फोलिनिक ॲसिड, सुरू केलं. या औषधाच्या जोडीला घरी फोलिक ॲसिडची साधी गोळी चालू होतीच, पण अशा वेळी तिने भागत नाही. हे इंजेक्शन क्वचितच लागतं, म्हणून ते ठेवू नका असं बाईंना दर वर्षी सांगण्यात येई, आणि दर वर्षी बाई ते ठेवत.

आजी बाहेर भिंतीला टेकून उभी होती. ‘मीच भरवल्या हो,’ ती म्हणाली. ‘ती नको म्हणत होती, मळमळतं म्हणत होती. मी दटावून भरवल्या.’

बाई एरवी कुणाला कुरवाळत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी म्हातारीचा हात घट्ट धरला. ‘तुम्ही कागदाचं ऐकलंत. ऐकायलाच पाहिजे होतं. चूक कागदाची आहे आणि त्या कागदाला मी बघून घेते.’

रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरत गेल्या. पाचव्या दिवशी ताप आला, प्रतिजैविकं लागली, मुलीला वेगळ्या खोलीत हलवलं. बाई रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी दारातल्या काचेतून बघून येत. आठव्या दिवशी आकडा थांबला. नवव्या दिवशी चढला. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतः खाली येऊन अहवाल खिडकीवर आपटला, आणि वकीलबाई सगळ्या रांगेसमोर रडल्या. आनंदाने, आणि अजिबात न लाजता. पोरीने त्या दुपारी वाटीभर मऊ भात खाल्ला.

मग बाईंनी पदर खोचला.

या चुकीवर बोलावलेल्या बैठकीत मोठे डॉक्टर म्हणाले, ‘निष्काळजीपणा झालाय. हाडांच्या वॉर्डातल्या त्या नवीन डॉक्टरला ताकीद देऊ.’ तो पोरगा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. मुलीच्या जुन्या गोळ्या त्याने मशीनवर, म्हणजे कागद छापणाऱ्या कॉम्प्युटरवर, उतरवल्या होत्या, एवढंच.

‘साहेब, आधी एक काम करा,’ बाई म्हणाल्या. ‘हेच औषध तुम्ही मशीनवर लिहा. चार गोळ्या.’

साहेबांनी चष्मा सरळ केला, नाव टाकलं, आकडा टाकला, सही केली, कागद छापला. बाईंनी तो मोठ्याने वाचला. ‘चार गोळ्या, दिवसातून एकदा.’

साहेबांनी कागद घेऊन दोनदा पाहिला. मशीन ‘रोज’ आपणहून भरत होतं, प्रत्येक औषधाला.

‘तुम्ही तीस वर्षं शिकवताय आणि तुमच्याही नजरेतून सुटलं,’ बाई म्हणाल्या. ‘आता कुणाकुणाला ताकीद द्यायची?’

साहेब आधी लाल झाले आणि मग खो खो हसले. ‘वकीलबाई, खटला जिंकलात. हुकूम काय करू ते सांगा.’

बाईंनी सांगितलं. या औषधापुढे ‘रोज’ असा पर्यायच नको. वार आणि आजाराचं नाव लिहिल्याशिवाय मशीन पुढे सरकणार नाही. दवाखान्यात गोळी एकाच ताकदीची ठेवायची आणि एका वेळी चार आठवड्यांच्या वर द्यायची नाही. पाकिटावर अक्षरी लिहायचं: आठवड्यातून एकदाच, बुधवारी, रोज नाही. आणि घरी गोळ्या असल्या तरी घरी सोडतानाचा कागद आधी खिडकीवर दाखवायचा. कारण त्या गुरुवारी नवीन गोळ्या लागल्या नाहीत, म्हणून तो कागद बाईंच्या डोळ्यांखालून गेलाच नव्हता. महिन्याभरात सगळं लागू झालं. नव्या नियमांच्या कागदावर सगळ्यांत आधी सही त्या नवीन डॉक्टरने केली, कुणी न सांगता.

दोन महिन्यांनी मुलीचे गुडघे पुन्हा सुजले. रक्त आता ठणठणीत होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी परत सुरू करायची ठरवली, कमी मात्रेने, दोनच. आजीने ऐकताक्षणी नकार दिला. ‘माझ्या हाताने आता नाही. पांगळी झाली तरी चालेल, जिवंत राहू दे.’

डॉक्टरीणबाईंनी तिला खाली खिडकीशी पाठवलं. बाईंनी दार उघडून तिला आत, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर आठ गोळ्या मोजल्या, पाकिटावर वार लिहिला, आणि म्हणाल्या, ‘आता तुम्ही मला सांगा. मी आजी, तुम्ही वकीलबाई.’

आजीने पाकीट हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाली, ‘बुधवारी दोन. बाकी सहा दिवस एकही नाही. तोंड आलं, ताप आला, तर गोळी थांबवायची आणि इथे यायचं.’

‘आणि कागदावर रोज लिहिलेलं असलं तर?’

‘तर त्या डॉक्टरला कानाला धरून तुमच्याकडे आणायचं.’

तो बुधवारच होता. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. आजीने दोन गोळ्या तळहातावर घेतल्या, नातीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने तिला दिल्या.