चोराचा च आणि चिमणीचा च

माझं म्हणणं मी सहसा सोडत नाही. घरी यावरून बोलणी खाल्ली आहेत आणि पुढे नोकरीत फायदेही झाले आहेत. पण एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपराआधी जुन्नरला कॉलेजच्या कँटीनमध्ये मी माझं म्हणणं सोडलं. तेही आनंदाने सोडलं, म्हणून ती दुपार अजून आठवते.

माझी मैत्रीण जुन्नरच्याच बाजारपेठेतली. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. घरी दखनी उर्दू बोलत, पण शाळा पहिलीपासून मराठी, आणि मराठीची गोडी माझ्याहून तिला जास्त. मी पिंपळवंडीहून एसटीने यायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचा हा एकच पेपर राहिला होता. आदल्या वर्षी ध्वनींवरचा मोठा प्रश्न तिने कोराच सोडला आणि थोडक्यात नापास झाली. गावातल्या एका शाळेत मराठी शिकवायची जागा होती, ती या निकालावर अडून बसली होती.

"येत होतं तर सोडलास कशाला?" मी विचारलं.

"भीती वाटली. तपासणारा म्हणेल, हिला मराठीचे आवाज काय कळणार."

"तपासणाऱ्याला तुझं नाव तरी दिसतं का गं?"

"मला दिसतं ना," ती म्हणाली.

प्रश्न नेहमीचाच होता. मराठीत च दोन. चिमणी म्हणताना जीभ टाळूला लागते, चोर म्हणताना ती पुढे दातांच्या मुळाशी येते. लिहायला अक्षर एकच. हे दोन वेगळे स्वनिम आहेत, की एकाच स्वनिमाची स्वनांतरं? म्हणजे साधं असं, की एकाच्या जागी दुसरा घातला आणि अर्थ बदलला तर ते दोन स्वनिम. शेजारच्या आवाजामुळे एकच च आपोआप रूप बदलत असेल, तर ती स्वनांतरं.

"स्वनांतरं," मी वही मिटली. "यात वाद घालण्यासारखं काय आहे? तुमच्या दुकानातलंच घे. काच म्हणताना चोराचा च. काचेची म्हणताना ए आला, ई आली, की चिमणीचा च. उंच, उंची. पाठ करावं लागत नाही, जीभच वळते. एक असतो तिथे दुसरा नसतो. झालं."

"मग चहा? तिथे कुठे ई आहे, ए आहे? तरी चिमणीचा."

"बाहेरून आलेला शब्द आहे तो."

"आला असेल. आता घरातलाच झाला ना?"

मला चहाचीच युक्ती सुचली. काउंटरवरच्या कँटीनवाल्याला मी हाक मारली आणि चहातला च मुद्दाम चोराचा करून म्हटलं, "भाऊ, दोन चहा!"

तो दोन कप घेऊन आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "ताई, जीभ भाजली का काय? लई येगळं बोलताय आज."

"पण चहाच आणला ना, भाऊ?"

"मंग काय आणू?"

मी विजयी चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "बघ. च बदलला, अर्थ बदलला नाही. एकच स्वनिम."

ती बशीत चहा ओतत हसायला लागली. "तू पास होणार आहेस, पण या उत्तरावर नाही. चोराच्या 'च'चा चहा असा दुसरा शब्दच मराठीत नाही. मग तो बिचारा दुसरं आणणार काय? कसोटी घ्यायची तर दोन्हीकडे खरे शब्द पाहिजेत. बाकी सगळं तेच आणि फरक फक्त 'च'चा."

"मग आण की तसे दोन शब्द."

"आणते. चार शेळ्या आहेत. आणि, जा, शेळ्या चार."

मी मनात दोन्ही म्हणून पाहिले. आकड्यातला चार चिमणीचा, शेळ्या चारण्यातला चोराचा. पुढे दोन्हीकडे तोच आ. मला घाम फुटायला हवा होता, पण मी माझ्या वळणावर गेले.

"आकडा मुळात च्यार होता. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात. त्या 'य'मुळे तो च तसा झाला."

"होता ना? आज तुझ्या तोंडात तो य आहे? आपल्याला आजची भाषा सांगायची आहे. इतिहासाचा पेपर वेगळा."

आता मात्र मी चिडले. आणि चिडले की माझ्या तोंडाला घरचं वळण येतं. "हे बघ, आमी जन्मल्यापास्नं मराठी बोलतोय. माझ्या कानाला हे दोन च येगळे वाटतच न्हाईत!"

कप बाजूला सरकवून ती म्हणाली, "तुला वाटणार नाहीत. तुला ते कुणी शिकवलेच नाहीत. आमच्या घरात चोरालाही चिमणीचाच च. शाळेत मी तसाच 'चांगला' वाचला आणि सगळा वर्ग हसला. मग मी घरी चाक, चूल, चोच घोकत बसायचे. कुठल्या शब्दाला कुठला च, हे मी एकेक शब्द धरून शिकले आहे. नुसता ई बघून, ए बघून चाललं असतं, तर मला एवढे कष्ट पडले नसते."

तिच्याकडे अजून एक कसोटी होती.

"तुझ्या कानावर तुझा एवढा भरवसा आहे ना? मग पाठ कर माझ्याकडे. ओठ बघायचे नाहीत. मी नुसतं चार म्हणेन. आकडा की शेळ्या, तू सांगायचं."

मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर मोटारसायकली फटफटत होत्या.

"चार."

"आकडा."

"चार."

"शेळ्या."

"चार."

"शेळ्याच."

ती क्रम मोडून, मध्येच थांबून, मला फसवायला बघत होती. मी एकदाही चुकले नाही. चुकताच येत नव्हतं. विचार करायच्या आत उत्तर तोंडात यायचं. कँटीनवाला फडकं खांद्यावर टाकून आमच्याकडे बघत उभा राहिला, त्याला आम्ही दोघी कामातून गेल्यासारख्या वाटलो असणार.

मी वळले. "वेगळे आहेत," मी म्हटलं. "दोन स्वनिम. हरले."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिचे डोळे भरले होते.

"तू एकदाही चुकली नाहीस," ती म्हणाली.

"मग? माझा कान आहे तो."

"हो. पण च माझा होता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या 'च'ला वर्ग हसला होता, तो माझ्या हट्टी पिंपळवंडीच्या कानाने दर वेळी बरोबर ओळखला होता. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला.

पेपरात प्रश्न आला. माझ्या पुढच्या बाकावर ती मान खाली घालून लिहीत होती, तिने पुरवणीही मागून घेतली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "शेळ्या चारल्यास का?"

"चारल्या. काच आणि काचेचीही लिहिलं, तुझं तेवढं बरोबर आहे. ई आणि ए पुढे चिमणीचाच च येतो, फरक बाकीच्या जागी दिसतो. मग आपली कसोटी लिहिली. एकीने शब्द उच्चारले, दुसरीने न बघता ओळखले."

"त्या दोघी कोण, ते लिहिलंस?"

तिने ओढणी सावरली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"लिहिलं," ती म्हणाली. "दोघीही मराठी भाषक."