आवडीचं बोलणं पाठीवर

महाडच्या एसटी स्टँडामागे सारिकाचं टी-शर्ट छापायचं दुकान. बाई मूळची जवळच्या सव गावची, जिभेनं तिखट. क्रिकेटच्या टीमा, गोविंदा पथकं, लग्नातली करवली मंडळी, सगळी तिच्याकडे. पण कितीही घाई करा, वाक्य तपासल्याशिवाय ती छापायला घ्यायची नाही. दरेक वाडीची थट्टा वेगळी, चिडवायची नावं वेगळी. महाडात ज्याला हसतात, त्यावरून वर डोंगरात डोकी फुटतात. दासगावच्या एका टीमच्या पाठीवर तिनं न विचारता एका विधवेचं टोपणनाव छापलं होतं, तेव्हापासून कानाला खडा! नमुना कागदावर काढायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि शिवाय त्या वाडीत कायम राहणाऱ्या एखाद्या जुन्या बाईला फोन करून विचारायचं. बाईच, कारण पुरुषांना गावचं राजकारण ठाऊक, पण कुणाला काय लागतं ते बायकांना ठाऊक.

मे महिन्यात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीचा राजेश आला. मुंबईत वाढलेला, सुट्टीपुरता गावचा. क्रिकेट टीमच्या शर्टांच्या पाठीवर हवं होतं, ‘आला की सांगा!’

"म्हणजे काय रे?" सारिकानं विचारलं.

"आम्हाला हरवणारा अजून यायचाय, ताई. आला की सांगा! वाडीत सगळेच बोलतात. गाडी लेट झाली, लाइट गेली, की आला की सांगा. फुल कॉमेडी."

सारिकाला वाक्य आवडलं. तरी तिनं नंबर मागितला आणि त्याच्या आजीला, बनुबाईला, फोन लावला. वाक्य दोनदा वाचून दाखवलं. "आजी, कुणाच्या घरचं दुखणं तर नाय ना यात? कुणाला लागंल असं?"

पलीकडे बनुबाई खुसखुसली. "कुनाला लागतंय गो? समदीच बोलतात. छाप बिनधास."

सारिकानं छापलं. विचारायचं ते तिनं विचारलं होतं. फक्त हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं, तेवढं विचारायचं राहिलं.

फायनलच्या दिवशी राजेशला आणखी शर्ट हवे झाले. गठ्ठा घेऊन सारिका स्वतःच वर गेली. मैदानाकडेला बनुबाई खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा. तिच्या शेजारी जमिनीवर तिची धाकटी जाऊ आवडी. वाळलेली, पण नजर सारखी रस्त्यावर. आवडीचा भरत मुंबईला गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही, ना जिता ना मेला. तेव्हापासून वाडीतून खाली जाणाऱ्या दरेकाला ती एकच सांगायची, आला की सांगा. ऐकून ऐकून पोरं ते बोलायला लागली, पुढची पोरं हसायला लागली, आणि मूळ कुणाचं, हे मुंबईच्या पोरांपर्यंत पोचलंच नाही.

आवडीला अक्षर येत नव्हतं. शेजारच्या शाळकरी पोरीनं, अपेक्षानं, राजेशच्या पाठीवरचं मोठ्यानं वाचलं, "आला की सांगा!"

आवडी ताडकन उठली. धावत गेली आणि राजेशचा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरला. "आला? कुटं हाय? कंदी आला रे?"

पोरं फिदीफिदी हसली. राजेशला वाटलं, आवडीआजी त्यांना हरवणाऱ्याचंच विचारतेय. "आला ना आजी, मागच्या गाडीत बसलाय!"

आवडीचं तोंड उजळलं. काय झालंय ते सारिकाला कुणी सांगावं लागलं नाही. गठ्ठा टाकून ती पुढे झाली. "काकी, कोण नाय आलं. ते नुसतं छापलेलं हाय. मी छापलंय."

"तू?" आवडीनं आता सारिकाचा हात धरला. "मंग त्यानंच छापायला दिलं आसंल. माजं बोलनं दुसऱ्या कुनाला कशाला हवं? सांग गो, कसा दिसतो आता? बारीक झालाय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं सारिकाला. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण खोटं बोलून ही बाई उद्या दुकानात येऊन बसली असती. "राजेशनं दिलं, काकी. आन् कुणाला लागंल का, म्हणून मी फोन करून विचारलं होतं. या बनुबाईंना."

पोरांचं हसू विरलं. राजेश शर्टाची कड ओढत उभा राहिला.

आवडी हळूहळू वळली. एका चुलीवर दोघींनी जन्म काढला होता; भरतला पहिली आंघोळ बनुबाईनंच घातली होती. "तुला ठावं व्हतं, जाऊबाय?"

बनुबाईनं शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"आगो, तुला कुटं वाचता येतंय," ती म्हणाली. "या पोरीनं मोट्यानं वाचलं नसतं, तर काय बी झालं नसतं."