अनुक्रमांक पाच : पंखे, हुकासह

शाळेत त्यांना मागे ‘रकानेमास्तर’ म्हणत आणि पुढे ‘सर’. हे टोपणनाव त्यांच्या कानावर नव्हते असे नाही. पण ज्या नावात आपल्या शिस्तीची कबुली आहे त्या नावावर रागवावे कशाला, असा त्यांचा हिशेब होता. जगातली कोणतीही गोष्ट पाच रकान्यांत बसते अशी त्यांची श्रद्धा होती : अनुक्रमांक, वस्तू, नग, अंदाजे खर्च, प्राधान्य. मुलीच्या लग्नाची यादीही त्यांनी याच रकान्यांत आखली होती, आणि त्यांची पत्नी आल्यागेल्याला अजून सांगे, “जावयापुढे ‘नग एक’ लिहिलं, पण अंदाजे खर्च कोरा ठेवला, तेवढं आमचं नशीब!”

एकोणतीस वर्षांपूर्वी ते या शाळेत शिक्षक म्हणून आले, आणि गेली अकरा वर्षे मुख्याध्यापक होते. देणगीदारांना पत्रे लिहिणे हे त्यांच्या हातचे काम झाले होते. पाण्याची टाकी, घंटा, व्हरांड्याची जाळी या साऱ्या वस्तू त्यांच्या पत्रांतून आल्या होत्या आणि प्रत्येकीवर कोणाचे ना कोणाचे नाव रंगवलेले होते. नाव रंगवता येते ती वस्तू वर, येत नाही ती खाली, हा या शाळेतला अलिखित नियम. तो कोणी ठरवला नव्हता. अनुभवाने ठरवला होता.

म्हणून त्या दिवशी कार्यालयात लेखनिकाने यादीचा कच्चा मसुदा वाचला तेव्हा त्याची भुवई वर गेली.

“सर, पंखे अनुक्रमांक एकला?”

“हं.”

“पंख्यावर नाव टाकणार कुठं? पात्यावर? फिरला की नाव गायब, थांबला की देणगीदार गायब!” भाऊसाहेब स्वतःच्या विनोदावर हसले. लेखनिकाला सगळी शाळा भाऊसाहेबच म्हणे. “बाकं वर घ्या. चोवीस बाकं, प्रत्येक बाकाच्या पाठीवर त्यांच्या वडिलांचं नाव. माणूस खूश होऊन वर हजार रुपये जास्तच देईल.”

सर खिडकीतून समोरच्या वर्गाकडे पाहत होते. पाचवीचा वर्ग. मधल्या रांगेच्या बरोबर वर एक पंखा फिरत होता, आणि दर फेरीला एक आवाज येत होता : टक. मग शांतता. मग टक.

बारा दिवसांपूर्वी वायरमन शिडीवर चढला होता. उतरल्यावर त्याने हात पुसले आणि आवाज खाली आणून सांगितले, “सर, रबर कधीच गेलंय. लोखंडावर लोखंड घासतंय. हूक निम्मा झिजलाय. आज नाही पडणार. उद्याचं मी सांगत नाही.”

“काढून ठेवायचा?”

“काढा. पण सहाही पंखे एकाच वर्षी बसलेत. एक काढलात की बाकीचे का ठेवलेत, हे कोणीतरी विचारणारच.”

तेच होते. पंखा काढला की जडवस्तू नोंदवहीत तो ‘निरुपयोगी’ म्हणून लिहावा लागणार, कारण द्यावे लागणार. कारण लिहिले की तपासणी. तपासणीत वर्गांच्या तिन्ही खोल्या बंद झाल्या तर मुले मैदानात, पालकांचे पाय दुसऱ्या शाळेकडे, पट खाली, आणि पट खाली गेला की सर्वांत कनिष्ठ शिक्षिका अतिरिक्त ठरणार. ती म्हणजे पाचवीच्या बाई. सरांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. एका हुकावर सारे काही लटकले होते, असे त्यांना वाटे, आणि ते त्यांच्या मनातच राहत होते.

त्यांनी एवढे मात्र केले : पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. उकाड्यात ती दुसऱ्याच दिवशी सुटली.

“भाऊसाहेब, करा तसं,” सर म्हणाले. “बाकं वर घ्या.”

यादी टंकून झाली. बाके, नग चोवीस, प्रत्येकी बेचाळीसशे प्रमाणे एक लाख आठशे, प्राधान्य एक. काळे फळे, नग तीन, साडेसोळा हजार, प्राधान्य दोन. कपाटे दोन, एकोणीस हजार. शिक्षकांची टेबल-खुर्ची, संच तीन, अठरा हजार. पंखे, नग सहा, अठरा हजार सहाशे, प्राधान्य पाच. देणगीदाराने आधीच कळवले होते की सव्वा लाखापर्यंत देईन, प्राधान्यक्रमाने. म्हणजे बाके आणि फळे येणार, पुढे हात आखडणार, हे सरांना गुणाकाराइतके स्पष्ट होते. पाचव्या रांगेपर्यंत रक्कम पोचणार नव्हती.

पत्रावर सही करायला पेन उचलले आणि त्यांच्या हाताने, डोक्याला न विचारता, ‘पंखे’ या शब्दापुढे निळ्या शाईत एक शब्द लिहिला : ‘हुकासह’.

का लिहिला हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. उत्तर त्यांना ठाऊक होते, आणि त्या उत्तराची त्यांना पंख्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

त्यानंतरचे दिवस त्यांनी कानांनी काढले. कार्यालयात बसून ते नोंदवह्या चाळत आणि कान पाचवीच्या वर्गात असे. टक ऐकू आली की जीव भांड्यात पडे, आणि आली नाही की ते उठून खिडकीशी येत. मधल्या सुट्टीत मुले बाहेर पळाली की ते आत जात, वर पाहत, आणि मधल्या रांगेतली बाके पायाने हळूच भिंतीकडे सरकवत. सुट्टी संपल्यावर मुले ती पुन्हा जागेवर ओढत. वीतभर इकडे, वीतभर तिकडे : महिनाभर हा खेळ चालला.

घरीही हाल तेच. जेवताना डोक्यावरचा पंखा त्यांनी बंद केला तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, घामाने भात खारट होईल. काय झालंय तुम्हाला?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणणाऱ्या माणसाचं सगळंच काहीतरी असतं,” ती म्हणाली आणि पंखा पुन्हा लावला. ते ताट घेऊन दाराशी जाऊन बसले.

मग एके सकाळी फोन आला. देणगीदार स्वतः बोलत होते. सत्तरीचा माणूस, लेथ मशिनचा छोटा कारखाना, बोलणे थेट.

“मास्तर, यादी पाहिली. पाच नंबरला ‘हुकासह’ कोणी लिहिलं?”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मी… मीच.”

“लोक पंखा मागतात. हूक कोणी मागत नाही. हूक छतातच असतो. उद्या अकराला येतो.”

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले ते सोबत कारखान्यातला एक कारागीर आणि शिडी घेऊनच. भाऊसाहेबांनी बाकांचा नमुना, चहा, हार असा सगळा सरंजाम मांडला होता. कारखान्याच्या मालकांनी हाराकडे पाहिलेही नाही.

“पंखे कुठल्या खोलीत?”

पाचवीत पाढे चालू होते. मालकांनी दारातूनच वर पाहिले, डोके एका बाजूला कलते करून आवाज ऐकला, जसा ते आपल्या मशिनचा ऐकत असावेत. मग म्हणाले, “बाई, पोरांना बाहेर घ्या. आत्ता. पळायचं नाही, धावायचं नाही, नुसतं बाहेर.”

बाईंनी सरांकडे पाहिले. सरांनी मान हलवली. एकेचाळीस मुले ओळीने बाहेर आली. एक मुलगी डबा विसरली म्हणून आत वळली आणि सरांनी तिचा दंड इतक्या जोरात धरला की ती रडू लागली.

मेन स्विच बंद करून कारागीर शिडीवर चढला, शाळेतल्या दोघांनी बाकांवर चढून खालून पंखा तोलून धरला. पंखा खाली आला तेव्हा कारागिराने पिना काढून हूक मालकांच्या हातात ठेवला. वाकलेल्या भागाची सळई घासून घासून पेन्सिलीतल्या शिशाएवढी उरली होती.

“कधीपासून माहीत होतं?” मालकांनी विचारले.

“आत्ताच हो,” भाऊसाहेब पुढे सरसावले, “आज तुमच्यासमोरच तर…”

“बेचाळीस दिवस,” सर म्हणाले.

व्हरांड्यात कोणीतरी खोकले. पाचवीच्या बाईंना आधी समजेना, मग समजले.

“बेचाळीस दिवस माहीत होतं, आणि पाच नंबरला लिहिलंत?” मालकांचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. “मास्तर, मी आयुष्यभर ऑर्डरी वाचल्यात. ज्याला माल हवा असतो तो वर लिहितो. ज्याला उद्या ‘मी लिहिलं होतं’ म्हणायचं असतं, तो तळाशी लिहितो. हे मागणं नाही. ही सोय आहे.”

सरांनी मान डोलावली.

बाई जवळ आल्या. “सर,” त्या म्हणाल्या, “शुद्धलेखन सांगताना मी मधल्या रांगेत उभी राहते. रोज. मला तरी सांगायचं होतंत.”

“तुमची नोकरी…”

“माझ्या नोकरीच्या डोक्यावर तो नव्हता,” बाई म्हणाल्या. “माझ्या होता. पोरांच्या होता.” आणि त्या मुलांकडे वळल्या, कारण ती रडणारी मुलगी अजून दंड चोळत होती.

कारागिराने उरलेले पाचही पंखे उतरवले आणि मेन स्विच पुन्हा लावला. दोन हूक बरे निघाले, तीन नाहीत. मालक जाण्याआधी कार्यालयात टेकले. “बाकं मी देणार नाही. सहा पंखे, नवीन पट्टी आणि बोल्ट, माझाच माणूस बसवेल. पण अंधारात देणगी देत नाही. नवीन पत्र लिहा, कारण लिहून. त्याची एक प्रत तुमच्या वरच्या कार्यालयाला.”

“त्यांनी खोल्या बंद केल्या तर?”

“तर बंद होतील,” मालक म्हणाले. “मला त्यातलं काही करता येत नाही.”

ते गेल्यावर भाऊसाहेबांनी की-बोर्ड पुढे ओढला. “सर, कार्यालयाची प्रत राहू द्यायची का? सुट्टीनंतर बघू.”

सरांनी खुर्ची ओढून घेतली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सहावा रकाना आखला. अनुक्रमांक एक. पंखे, पट्टी व बोल्टसह. नग सहा. अठरा हजार सहाशे. प्राधान्य एक. सहाव्या रकान्यात कारण : जुने हूक झिजलेले; मुख्याध्यापकास बेचाळीस दिवसांपासून माहीत. लिहिताना शाईचा एक थेंब पडला, तो त्यांनी टिपला नाही.

“जावक क्रमांक टाका,” ते म्हणाले. “दोन्ही प्रतींवर.”

बाहेर व्हरांड्यात पाचवी जमिनीवर बसली होती आणि पाढे पुन्हा सुरू झाले होते. समोरची खोली रिकामी होती, मधल्या रांगेच्या वर छतात फक्त एक भोक होते. तरीही एकोणीस दाहे एकशे नव्वदच्या मध्ये कुठेतरी सरांना ती टक ऐकू आली. त्यांनी मान वर करून आपल्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिले. तोही त्याच वर्षी बसवलेला होता, आणि यादीत त्याची नोंद नव्हती.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “नग सात करा. आणि जरा बाजूला सरका.”