चौदाशे पस्तीस

मी मेली फार शहाणी होते. डिप्लोमा झालेली, नंदुरबारला मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपात नवी नवी लागलेली. कागदपत्रं माझ्याकडे. मोटरींचं काम रनाळ्याच्या म्हाताऱ्या मिस्तरींकडे. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून मालक त्यांना काढायला निमित्तच शोधत होते. मला ते माहीत होतं.

कापसाच्या एका जिनिंग मिलची मोटर आम्ही रिवाइंड करून बसवली. पूर्ण लोडवर चालू केली आणि मिस्तरींनी नेहमीसारखा तळहात तिच्या अंगावर ठेवला.

"रोटरमा खोट शे, पोरी," ते म्हणाले. "हातले धडधड लागी ऱ्हायनी."

मी मीटर लावला. तो सेकंदाला किती फेरे ते दाखवायचा: २३.५५. डेटाशीटवर मिनिटाचे फेरे लिहायचे होते. तेवीस साठे तेराशे ऐंशी, वर पंचावन्न, झाले चौदाशे पस्तीस. मोटरीवरच्या कंपनीच्या प्लेटवर चौदाशे चाळीस होतं. म्हणजे रोटर, आतला फिरता भाग, ठणठणीत.

"मिस्तरीबाबा, आकडा खोटं बोलत नाही," मी मालकांसमोर म्हणाले. वर हसलेसुद्धा.

मालकांना तेवढंच हवं होतं. आता हातालाही कळत नाही म्हणाले, आणि सोमवारपासून येऊ नका असं सांगून टाकलं. मिस्तरींनी हात पुसले. डबा उचलला आणि गेले.

ऐन हंगामात ती मोटर जळाली. उघडली तर रोटरच्या तीन सळ्या तुटलेल्या, त्यातली एक तारांच्या वाइंडिंगमध्ये घुसलेली. मी जुनी डेटाशीट काढली आणि हिशोब पुन्हा केला. मी दशांश घड्याळासारखा वाचला होता. ते पंचावन्न फेरे नव्हतेच, एका फेऱ्याचे शंभरातले पंचावन्न भाग होते. त्यांची साठपट म्हणजे तेहेतीस. तेराशे ऐंशी आणि तेहेतीस, चौदाशे तेरा. एवढी मंद मोटर म्हणजे रोटर गेलेला, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

मालकांना सांगितलं. "झालं ते झालं," म्हणाले. मी रनाळ्याला गेले.

मिस्तरी ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "कितला निंघना मंग?"

"चौदाशे तेरा."

त्यांनी तळहात उलटा-सुलटा करून बघितला. "माले वाटनं, मन्हा हातच गया," ते म्हणाले. "अवजारं भंगारवाल्याले दी टाकी."

सुनेने चहा आणला. मी कप तसाच ठेवला. त्यांनी मात्र सगळा प्यायला, आणि बशी खाली ठेवताना चाचपडत जमीन शोधली.