न पेटलेल्या शेगडीचा ठसका

सुमन आक्का उद्या सर्दी घेऊनच पुन्हा कामावर येणार, ही काळजी वासंतीच्या मनातून जाईना. मंगळवार पेठेतल्या तिच्या मिसळीच्या हॉटेलात आक्का कित्येक वर्षं रस्सा करत होत्या. मिरचीच्या फोडणीनं तिथं सगळेच शिंकायचे, त्यामुळे कुणाला सर्दी झालीय हे कळतच नसे. आज मात्र आक्का शिंकल्या तेव्हा शेगडी पेटलेलीच नव्हती.

"ठसका हाय, वैनी," म्हणत त्यांनी हातानंच नाक पुसलं आणि कांदा चिरायला घेतला.

"न पेटलेल्या शेगडीचा ठसका? तो कांदा टाकून द्या आणि साबणानं हात धुवा. रस्सा निदान उकळतो, आक्का. कांदा कच्चाच गिऱ्हाइकाच्या ताटात जातो. सर्दी जाईपर्यंत घरी ऱ्हावा."

"माझ्या आधी रस्सा करणारी पारूबाई तापानं घरी बसली, तवा तिची पळी माझ्या हातात आली," आक्का म्हणाल्या. "आता माझी कुणाच्या हातात?"

आक्का हात धुऊन घरी गेल्या.

दिवसभर रस्सा वासंतीनंच केला. "आज आक्का न्हाईत व्हय?" पहिल्या घासालाच गिऱ्हाइकं विचारत होती, आणि तिला हसू येत होतं. अशा बाईच्या जागी कोण येणार होतं? पण हे आक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आक्कांच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. दुकान बंद व्हायच्या आत आक्कांना तिथं बोलवून घ्यायला तिनं रिसीव्हर उचलला.