कठड्याला लावलेली पिशवी

तिच्या पोस्टरमधली चूक मला सापडली तेव्हा इतका आनंद झाला की चहा गार झाला तरी कळलं नाही.

कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलात पोस्टर स्पर्धा ठेवली होती. विषय एकच, लघवीच्या नळीमुळे होणारं इन्फेक्शन कसं टाळायचं. निवडलेलं पोस्टर ठाण्याच्या परिषदेला जाणार आणि नंतर आमच्या आयसीयूच्या भिंतीवर कायम लागणार, खाली करणाऱ्या सिस्टरचं नाव. मला ते नाव माझंच हवं होतं. इतकी वर्षं त्या भिंतींच्या आत काढली, पण भिंतीवर मी कुठेच नव्हते.

आणि समोर कोण, तर डोंबिवलीहून येणारी, परवापरवा लागलेली एम.एस्सी. पोरगी. गोड बोलणारी, हसरी, रिपोर्ट मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारी. डॉक्टर तिला नावाने हाक मारायचे आणि मला ‘ओ सिस्टर’. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

माझ्या पोस्टरवर पुस्तकातलं सगळं होतं. इंग्रजीत, बारीक अक्षरात, इकडून तिकडे ठासून भरलेलं. तिने मराठीत मोजकंच घेतलं होतं. खरोखर गरज असेल तरच नळी घाला. घालताना हात स्वच्छ, सगळं साहित्य निर्जंतुक. नळी मांडीला नीट चिकटवा. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नका. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात: ‘ही नळी आज हवीच आहे का?’ प्रत्येक ओळीखाली ती कुठल्या पुराव्यावर लिहिली तेही होतं. चांगलं होतं. तेच तर झोंबत होतं.

पण शेजारी तिने पलंगाचं चित्र काढलं होतं, आणि चित्रात पिशवी पलंगाच्या कठड्याला अडकवली होती. कठडा खालीवर होतो. वर केला की पिशवीही वर जाते आणि साचलेली लघवी नळीतून मागे फिरू शकते. खाली केला की पिशवी फरशीवर. पिशवी लावायची ती पलंगाच्या न हलणाऱ्या चौकटीला. हे पुस्तक वाचून नाही, रोज पलंगाशी वाकून कळतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. तोंड बंद ठेवलं असतं तर माझं काम आपोआप झालं असतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि तिला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावायची हौसही होती. मेट्रन मॅडम रंगीत तालीम बघत होत्या, तेव्हा मी मागून मोठ्याने म्हटलं, “अगं, पिशवी कठड्याला? कठडा वर केलास की काय होईल, कधी बघितलंयस का?”

मला वाटलं, आता रडेल. ती उठली, वॉर्डातल्या रिकाम्या पलंगाला एक रिकामी पिशवी लावून कठडा वरखाली करून आली.

“ताई, बरोबर आहे तुमचं. बरं झालं, आज सांगितलंत. मला चित्र काढून द्याल? माझा पलंग नाहीतरी टेबलासारखाच दिसतो.”

मॅडम बघत होत्या, नाही कसं म्हणणार? दात ओठ खात बसले आणि काढलं. चौकट, पिशवी अडकवायचा आकडा, पिशवी, जमिनीपासून अंतर, सगळं. रागात काढलेलं असूनही फार छान झालं.

परीक्षक बाई माझ्या पोस्टरसमोर चष्मा वरखाली करत जेमतेम उभ्या राहिल्या. तिच्याकडे थांबल्या. “नळी ठरावीक दिवसांनी बदलायची, असं का नाही लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, नुसते दिवस झाले म्हणून बदलायला पुरावा नाही. कारण असेल तर बदलायची, गरज संपली की काढायची.”

त्या खूश झाल्या. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मात्र कुणी तरी हाताने काम केलेल्या माणसाने काढलंय.”

आता ही नुसती हसेल आणि ते श्रेयही खिशात घालेल, मग मला तिला आयुष्यभर मनसोक्त शिव्या देता येतील. मनापासून सांगते, मी त्याचीच वाट बघत होते.

“ते आमच्या ताईंनी काढलंय,” ती म्हणाली आणि मला हात धरून पुढे ओढलं. “मी चुकीचं काढलेलं. खाली त्यांचंही नाव टाकायचंय.”

टाळ्या वाजल्या. तिने माझा हात सोडला नव्हता. पोस्टर तिचं निवडलं गेलं, त्याचं काही वाटलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मात्र मला आजही सहन होत नाही.